अप्रत्यक्ष करांच्या स्लाइड्स शिकवताना: कांद्यावरचं ४० टक्के निर्यात शुल्क शेवटी कोणी सोसलं?

गंगापूररोडची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, या टर्मला सार्वजनिक आयव्यय हा पेपर माझ्याकडे आहे. जुन्या स्लाइड्सचा एक सेट वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात दोन रकाने आहेत. डावीकडे प्रत्यक्ष कर, आयकर वगैरे, खाली लिहिलंय "भार दुसऱ्यावर ढकलता येत नाही". उजवीकडे अप्रत्यक्ष कर, जीएसटी, अबकारी, सीमा शुल्क, आणि खाली "भार ग्राहकावर ढकलला जातो". संपलं, पुढची स्लाइड.

परवा हे शिकवताना निफाडकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, मॅडम, १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ते भरणार निर्यातदार, तुमच्या स्लाइडप्रमाणे भार जायला पाहिजे दुबईच्या ग्राहकावर, मग आमच्या घरी पप्पा का डोकं धरून बसले होते? वर्गातली अर्धी पोरं कांद्याच्या घरातली आहेत, सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं की पुढच्या तासाला याच उदाहरणावर बोलू.

मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून मी समजावू शकते पण मला ते नकोय. मला या एका शुल्काचा खरा हिशोब हवाय, लिलावापासून बंदरापर्यंत. इथे व्यापारी, शेतकरी, सीए सगळे आहात, म्हणून विचारते. हा ४० टक्क्यांचा भार नक्की कोणाच्या खिशातून गेला?

सीए_कॉलेजरोड

मॅडम, स्लाइड बरोबर आहे, उगाच गुंतागुंत करू नका. निर्यात शुल्क हा अप्रत्यक्ष कर, निर्यातदार बंदरावर भरतो आणि बिलात लावून परदेशी खरेदीदाराकडून वसूल करतो. कायद्यात जो भरतो तो आणि खरा सोसतो तो वेगळे, एवढंच मुलांना सांगा. शेतकऱ्याने एक रुपया शुल्क भरलेलं नाही, त्याच्या नावाची पावती दाखवा बरं.

उन्हाळ_कांदा_येवला

पावती नाही दादा, लिलावाची पट्टी दाखवतो. त्या आठवड्यात तीन दिवस लिलावच बंद होते आणि चालू झाल्यावर जो भाव निघाला तो पट्टीवर आहे. आमची पावती तीच.

पंचवटी_एक्सप्रेस

सगळा टॅक्स शेवटी पगारदार मध्यमवर्गच भरतो. फॉर्म १६ बघा कोणाचाही. शेतकऱ्याला आयकर नाही, कांद्यावर जीएसटी नाही, तरी ओरड त्यांचीच.

गंगापूररोडची_मास्तरीण

पंचवटी, कांद्यावर जीएसटी नाही हे बरोबर, पण धागा निर्यात शुल्काचा आहे. आयकराचं वेगळं बोलू.

पिंपळगावचा_निर्यातदार

मॅडम मी पिंपळगाव बसवंतला आहे, आमचं खळं आहे, मलेशिया आणि गल्फला माल जातो. सीए साहेब म्हणतात तसं "बिलात लावून वसूल करतो" हे ऐकायला सोपं आहे पण पार्टीला फोन लावल्यावर पार्टी हसते. पलीकडे त्याच्याकडे पाकिस्तानचा कांदा असतो, सीझनप्रमाणे इजिप्तचा, चीनचा असतो. तो म्हणतो तुमच्या सरकारने कर लावला तो मी कशाला देऊ.

आम्ही हिशोब उलटा करतो. तिथून सुरुवात करून इकडे येतो. सोपे आकडे घेतो, खरे रोज बदलतात. समजा पार्टी बंदरावर किलोला ३० रुपये द्यायला तयार आहे. त्यातून निवड, जाळीची पिशवी, हमाली, घट, कंटेनरचं भाडं जेएनपीटीपर्यंत, कस्टमचा एजंट आणि माझं कमिशन मिळून ८ रुपये समजा. म्हणजे लिलावात मी २२ पर्यंत बोली लावू शकतो. याला आम्ही पडतळ म्हणतो.

आता ४० टक्के लागले. पार्टी तेच ३० देणार असेल तर शुल्क धरून ३० बसायला हवेत. ३० भागिले १.४ म्हणजे २१ रुपये ४३ पैसे मालाची किंमत, ८.५७ शुल्क. त्यातून माझे ८ गेले की लिलावात माझी बोली साडेतेराच्या आत आली. शुल्क मी भरलं, चलनावर नाव माझं, पण २२ ची बोली साडेतेरावर आली ती कोणाच्या खिशातून आली ते मुलांनाच विचारा.

चांदवड_घाट

👆 याच्यापेक्षा सोपं कोणी सांगितलं नाही आजवर. सेव्ह करून ठेवलं.

उन्हाळ_कांदा_येवला

पण भाऊ त्या वेळी साडेतेराला लिलाव निघाला नव्हता ना. भाव पडला पण इतका नाही. आणि निर्यात होतो तो कांदा किती, शंभरात आठ-दहा. मग बाकीच्या नव्वदाचा भाव का पडला हे मला आजही कळत नाही. ज्याला दिल्लीला न्यायचाय त्याला शुल्काशी काय देणंघेणं?

जुना_अर्थशास्त्री

येवलेकर, तुमचा हा प्रश्नच सगळ्या धाग्याचा गाभा आहे आणि पाठ्यपुस्तकात तो दोन ओळीत उरकतात. मी निवृत्त आहे, हाच विषय शिकवायचो. वेळ आहे म्हणून लांब लिहितो.

निर्यातदारांचे आकडेच पुढे नेतो. लिलावात दोन प्रकारचे खरेदीदार उभे आहेत, एक बाहेर पाठवणारे, एक दिल्ली-कोलकात्याला पाठवणारे. शुल्काआधी दोघंही २२ ला घेत होते, कारण दोघांपैकी कोणी कमी दिलं तर माल दुसऱ्याकडे जायचा. शुल्क लागल्यावर निर्यातदार साडेतेरावर आले. शेतकरी त्यांना देणार नाही, देशातल्या व्यापाऱ्याला देईल. पण आता सगळाच माल त्याच्याकडे वळला, आणि देशातले लोक २२ च्या भावाने एवढा जास्तीचा कांदा खाणार नाहीत. मग भाव खाली यायला लागतो. समजा १८ वर येऊन थांबला. का थांबला? कारण १८ ला गिऱ्हाईक थोडं वाढलं, आणि १८ ला घेऊन बाहेर पाठवणं परवडेल अशा काही पार्ट्या अजून शिल्लक आहेत. त्यांचा हिशोब बघा: १८ अधिक ८ खर्च, २६. त्यावर ४० टक्के १० रुपये ४० पैसे. बंदरावर ३६.४०. ज्याच्याकडे दुसरा कांदा मिळत नाही किंवा ज्याच्या गिऱ्हाइकाला आपलाच तिखट लाल कांदा लागतो तो ३६.४० देतो, बाकीचे गळतात.

म्हणजे या उरलेल्या निर्यातीवर किलोमागे १०.४० शुल्क सरकारकडे गेलं. परदेशी खरेदीदार आधी ३० देत होता, आता ३६.४० देतो, त्याने सोसले ६.४०. शेतकऱ्याला २२ चे १८ मिळाले, त्याने सोसले ४. बेरीज १०.४०. इथवर सीए साहेबही बरोबर आहेत, परदेशी ग्राहकाने काही भाग सोसलाच.

पण आता शंभर क्विंटल आवक धरा. आधी त्यातले १० बाहेर जायचे, आता ६ जातात. सरकारला मिळाले ६ क्विंटलवर १०४० प्रमाणे ६,२४० रुपये. शेतकऱ्यांचं नुकसान? भाव ४०० रुपये क्विंटलने पडला तो फक्त त्या ६ क्विंटलवर नाही, तर पूर्ण शंभरवर. चाळीस हजार रुपये! तिजोरीत सहा हजार आणि शेतकऱ्याच्या खिशातून चाळीस हजार. उरलेल्या ९४ क्विंटलवरचे ३७,६०० कोणाला मिळाले, तर देशात कांदा विकत घेणाऱ्याला. म्हणून दिल्लीला जाणाऱ्या कांद्यावर शुल्क नसूनही त्याचा भाव पडला. एकाच लिलावात एकाच मालाचे दोन भाव राहू शकत नाहीत.

मॅडम, तुमच्या स्लाइडवर "भार पुढे ढकलला जातो" असं आहे, इथे तो मागे ढकलला गेलाय, आणि जेवढा कर होता त्याच्या कितीतरी पट मागे गेलाय. सरकारचा हेतूही महसूल नव्हताच, देशातला भाव खाली ठेवणं हा होता. त्यामुळे सरकारने किती शुल्क गोळा केलं यावरून भाराचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल.

चांदवड_घाट

सर तुम्ही शिकवायला असता तर मी इकॉनॉमिक्स सोडलं नसतं 🙏

नाशिकरोड_काकू

अहो पण ते ३७ हजार आम्हाला मिळाले असं म्हणताय ते मला नाही पटत. मी दर आठवड्याला बाजारात जाते. लिलावात भाव पडला की आमच्या भाजीवाल्याकडे जुनाच भाव असतो, आणि लिलावात चढला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे चढलेला. चार रुपये माझ्या पिशवीपर्यंत आलेच नाहीत. मधेच कोणीतरी ठेवून घेतले.

जुना_अर्थशास्त्री

काकू, रास्त आहे. मी "विकत घेणाऱ्याला" असं लिहिलं ते लिलावाच्या पायरीपर्यंत. पुढे घाऊक, किरकोळ या प्रत्येक पायरीवर त्यातलं काही अडकतं, आणि किरकोळ भाव उतरताना सावकाश उतरतात हे सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. किती अडकलं हे माझ्या आकड्यांतून सांगता येणार नाही.

मखमलाबादचा_भाजीवाला

काकू रागावू नका पण आमची बाजूपण ऐका. कट्टा घेतला की त्यात ओला, कोंब आलेला, गोल्टी निघते, पावसाळ्यात तर चार-पाच किलो फेकावाच लागतो. लिलावात भाव पडला म्हणजे माझा टेम्पो, जागेचे पैसे, फेकलेला माल स्वस्त होत नाही. आणि दहा किलो घेतले तर कमी लावतो की नाही तुम्हाला?

नाशिकरोड_काकू

दोघं राहतो हो घरात, दहा किलो कुठे नेऊ 😄

ओझर_विमानतळ

जुना_अर्थशास्त्री सर, एक शंका. शुल्क चालू असतानाच ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी लासलगावला भाव चढले की. इतके चढले की सरकारला २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत लावावी लागली, आणि ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली. शुल्कामुळे भाव पडत असता तर चढला कसा? म्हणजे शुल्काचा भार शेतकऱ्यावर नव्हताच.

जुना_अर्थशास्त्री

ही गफलत पेपरात पण खूप जण करतात. भार मोजताना आधीचा भाव आणि नंतरचा भाव यांची वजाबाकी करायची नसते. शुल्क नसतं तर त्याच दिवशी काय भाव असता, त्याच्याशी तुलना करायची. ऑक्टोबरात उन्हाळ कांदा संपत आला होता, लाल कांदा यायला उशीर होता, भाव चढणारच होता. शुल्क नसतं तर आणखी चढला असता. शुल्काने शेतकऱ्याचं नुकसान केलं ते या न चढलेल्या भागाचं. ते पट्टीवर दिसत नाही, म्हणून त्याची पावती मागणं व्यर्थ आहे.

आणि अडचण हीच आहे की "शुल्क नसतं तर" हा भाव कुठेच छापलेला नसतो. वरचे माझे २२ आणि १८ हे समजुतीसाठीच आहेत. खरा आकडा काढायचा तर आवक, परदेशातले भाव, सरकारी साठ्यातून बाजारात सोडलेला कांदा हे सगळं वेगळं काढावं लागतं आणि त्यावर दोन अभ्यासकांचं एकमत होणं अवघड.

सीए_कॉलेजरोड

अर्थशास्त्री सर, आकडेमोड पटली. परदेशी पार्टी सगळा भार घेते हे माझं म्हणणं टिकत नाही. पण मग प्रश्न येतो की कोणाचा वाटा जास्त आणि कोणाचा कमी हे ठरतं कशावर? ४ आणि ६.४० हे तुम्ही धरलेत. ६ आणि ४.४० का नाही?

पिंपळगावचा_निर्यातदार

मी सांगतो माझ्या अनुभवावरून, सर दुरुस्त करतील. ज्याला थांबता येतं त्याच्यावर कमी येतो. पार्टीला दुसरीकडून माल मिळत असेल तर ती थांबते. मला दुसरा धंदा नाही पण मी महिनाभर खळं बंद ठेवू शकतो, मजूर बसवून ठेवायचं नुकसान होईल पण तेवढंच. शेतकऱ्याचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघून कांदाचाळीत पडलाय. ऑगस्टनंतर तो रोज घटतो, दमट हवेने सडतो, कोंब धरतो. तो थांबला तर कांदाच राहत नाही. मग तो येईल त्या भावाला देतो.

एक मात्र राहिलं. १९ ऑगस्टला ज्यांचे कंटेनर रस्त्यात किंवा बंदरात होते त्यांचं शुल्क ना शेतकऱ्यावर गेलं ना पार्टीवर. कांदा आधीच्या भावाने घेऊन पैसे देऊन झालेले, पार्टीबरोबर रेट ठरलेला. ते आम्हीच सोसलं, पूर्णच्या पूर्ण. माझ्या ओळखीचा एक जण त्यात असा आडवा झाला की धंदा बंद करून आता द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज सांभाळतो.

जुना_अर्थशास्त्री

दुरुस्तीची गरजच नाही, हेच उत्तर आहे. आणि कंटेनरचा मुद्दा मॅडमनी आवर्जून शिकवावा. अचानक लागलेल्या करात पहिल्या आठवड्याचा भार ज्याचे सौदे बांधलेले आहेत त्याच्यावर बसतो. तो पुढच्या सौद्यापासून मागेपुढे सरकायला लागतो.

उन्हाळ_कांदा_येवला

थांबता येत नाही हे चाळीतल्या कांद्याचं खरं आहे, पण लावायच्या वेळी आम्हाला थांबता येतं ना. २०२३ चा हिवाळा सुरू होताना आमच्या गल्लीत किती जणांनी रोपं असून कांदा कमी लावला, मका-गहू केला. बियाणं, लागणीची मजुरी घालायची आणि भाव आला की सरकार दार लावणार, कोण करेल? त्याचा परिणाम पुढच्या वर्षी गिऱ्हाइकालाच भोगावा लागतो.

गंगापूररोडची_मास्तरीण

येवलेकर, ही बाजू मला सर्वात महत्त्वाची वाटतेय. निघालेल्या मालावर भार शेतकऱ्याचा, पण पुढच्या लागवडीत तो हळूहळू ग्राहकाकडे सरकतो. तीच माणसं, तोच कर, फक्त मुदत बदलली की उत्तर बदलतं. स्लाइडमध्ये मुदतीचा उल्लेखच नाही.

मेनरोड_दुकानदार

तुम्ही कांद्यात अडकलात, डाव्या रकान्याचं पण बोला. माझं दुकान भाड्याचं आहे. मार्च २०२५ पर्यंत मालकाला भाडं देताना मला दहा टक्के टीडीएस कापावा लागायचा. करार करतानाच मालक म्हणाला, "ते टीडीएस-बिडीएस तुमचं तुम्ही बघा, माझ्या हातात ४५ हजार पूर्ण पाहिजेत." मग आम्ही करारात भाडं ५० हजार लिहिलं, ५ कापून भरायचो, त्याला ४५ जायचे. आयकर त्याचा, भरायचो मी. वर तो रिटर्नमध्ये ते ५ हजार स्वतःच्या नावाने जमा दाखवायचा!! प्रत्यक्ष कर ढकलता येत नाही म्हणे.

सीए_कॉलेजरोड

दुकानदार, हे रोज बघतो. पण नीट बघा, तुम्ही खरं तर ५० हजार भाड्याला तयार झालात. टीडीएस नसता तर त्याने ५० मागितले असते का ४५, हा प्रश्न आहे. ४५ मागितले असते तर तुम्ही ढकललेला कर सोसत होतात. ५० मागितले असते तर काहीच ढकललेलं नाही, नुसती बोलण्याची पद्धत.

मेनरोड_दुकानदार

शेजारच्या गाळ्याचं भाडं, तेवढाच आकार, तेव्हा ४५ होतं. तो भाडेकरू लहान आहे, त्याला टीडीएस कापावा लागत नव्हता.

सीए_कॉलेजरोड

मग तुमच्यावर ढकलला होता. गाळा सोडून दुसरीकडे जाता येत नाही हे मालकाला माहीत आहे.

ओझर_विमानतळ

म्हणजे दोन्ही रकान्यांत तोच नियम. थांबता किंवा पळता येत नाही त्याच्या गळ्यात.

स्पर्धापरीक्षा_अशोकस्तंभ

सगळ्यांना नम्र विनंती, कोणी सांगेल का परीक्षेत काय लिहायचं? पर्याय येतो "प्रत्यक्ष कराचा भार हस्तांतरित करता येत नाही". बरोबर टिक करू की चूक?

गंगापूररोडची_मास्तरीण

बाळा, बहुपर्यायीत तेच बरोबर धरतात, टिक करून पुढे जा, मार्क घालवू नकोस. वर्णनात्मक पेपर असेल तर आधी नेहमीची व्याख्या लिही आणि मग एक उदाहरण देऊन दाखव की ती कुठे लागू पडत नाही. तपासणाऱ्याला ते आवडतं.

पंचवटी_एक्सप्रेस

बरं मग आता शुल्क उठलंय ना? सप्टेंबर २०२४ ला २० टक्के केलं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. मग २०२५ मध्ये भाव का नाही वर गेला? जो भार होता तो निघाल्यावर शेतकऱ्याला परत मिळायला हवा की नको?

उन्हाळ_कांदा_येवला

हा प्रश्न एकदम बरोबर विचारला दादा. नाही मिळाला. त्या उन्हाळ्यात तर भाव रडवणारेच होते.

जुना_अर्थशास्त्री

एक कारण मी वर सांगितलं, तुलना "शुल्क असतं तर" शी करायची, ते असतं तर आणखी खाली असता. आवकही भरपूर होती. पण हे उत्तर मला स्वतःला पुरेसं वाटत नाही.

पिंपळगावचा_निर्यातदार

दुसरं कारण माझ्याकडे आहे सर. बंदी आणि शुल्काच्या काळात माझ्या दोन जुन्या पार्ट्यांनी दुसऱ्या देशाचे पुरवठादार पक्के केले. शुल्क गेलं तरी त्या परत येत नाहीत, म्हणतात तुमचा भरवसा नाही, उद्या पुन्हा लावाल. शिवाय बांगलादेश स्वतःचा कांदा वाढवतोय. गिऱ्हाईकच तुटलं तर शून्य शुल्काने बोली कशी वाढेल?

सीए_कॉलेजरोड

याला कराचा भार म्हणायचं की धोरणाचा? मला वाटतं हे वेगळं ठेवावं.

पिंपळगावचा_निर्यातदार

तुम्ही वेगळं ठेवा साहेब, माझ्या वहीत एकाच पानावर आहे.

गंगापूररोडची_मास्तरीण

मी नवीन स्लाइड अशी करतेय. दोन रकान्यांची स्लाइड राहील, अभ्यासक्रमात आहे म्हणून. तिच्यानंतर लगेच पिंपळगावकरांचा उलटा हिशोब फळ्यावर, ३० पासून साडेतेरापर्यंत, मुलांकडूनच करून घेईन. मग सरांचे शंभर क्विंटल, ६,२४० आणि ४० हजार शेजारी शेजारी. मग ऑक्टोबरचा प्रश्न विचारेन आणि उत्तर न देता तास संपवेन, घरून विचारून या म्हणेन. भाजीवाल्याकडे चार रुपये कुठे अडकले हे ट्यूटोरियलला, त्यांनी लिलावाचा आणि किरकोळीचा भाव महिनाभर लिहून आणायचा.

पिंपळगावकर, एक विनंती. त्या काळातलं एखादं शिपिंग बिल मिळेल का, पार्टीचं आणि तुमचं नाव खोडून? मुलांना शुल्काचा रकाना प्रत्यक्ष बघायचाय.

पिंपळगावचा_निर्यातदार

देतो ना मॅडम. सप्टेंबर २०२३ चं आहे, आणि त्याच लॉटची लिलावाची पट्टीपण जोडतो, दोन्ही एकत्र लावा. फक्त घटीचा आकडा बिलावर नसतो, तो मी हाताने लिहून देईन.

उन्हाळ_कांदा_येवला

माझी ऑगस्टच्या आधीची आणि नंतरची पट्टीपण घ्या. त्याच चाळीतला माल आहे, पण नंतरचा जरा हलका होता, तेवढं मुलांना सांगा, नाहीतर सगळा फरक शुल्काचाच धरतील.